‘यूस्ट टु’, ‘बी यूस्ट टु’ आणि ‘गेट यूस्ट टु’ : अर्थभेद व क्रियारूपे

रात्रपाळीच्या कामासाठी अर्ज करणारा एखादा तरुण आपल्या अर्जात ‘आय यूस्ट टु वर्क ॲट नाइट’ असे लिहितो. त्याच्या मनात ‘मला रात्री काम करण्याची सवय आहे’ हे वाक्य असते. अर्ज वाचणारा मात्र त्याचा अर्थ ‘मी पूर्वी रात्री काम करीत असे’ असा घेतो, आणि ‘आता करीत नाही’ हे न लिहिलेले वाक्यही त्याच्या जोडीला वाचतो. व्याकरणदृष्ट्या वाक्यात कोठेही दोष नाही. दोष एवढाच, की अर्जदाराला जे सांगावयाचे होते त्याच्या जवळजवळ उलट अर्थ त्यातून निघाला. ‘आय’ या शब्दानंतर ‘ॲम’ घातले असते आणि ‘वर्क’च्या ऐवजी ‘वर्किंग’ लिहिले असते, तर त्याचे म्हणणे बिनचूक पोहोचले असते. वरच्या प्राथमिक वर्गांत ही रचना प्रथम भेटते तेव्हाच तिची घडी नीट बसली नाही, तर चूक पुढे अनेक वर्षे टिकते. म्हणून प्रस्तुत लेखात या तीन रचनांचा विचार मराठीच्या आधाराने केला आहे.

प्रथम लेखनाविषयी एक खुलासा. इंग्रजीत हा शब्द यू, एस, ई, डी या चार अक्षरांनी लिहितात. या तिन्ही रचनांत त्याचा उच्चार ‘यूस्ट’ असा होतो, म्हणून येथे तो तसाच लिहिला आहे. याच चार अक्षरांचा ‘वापरला’ या अर्थाचा आणखी एक शब्द आहे. त्याचा उच्चार ‘यूझ्ड’ असा होतो. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिली रचना आपल्या रीतिभूतकाळासारखी आहे. ‘आम्ही भात खात असू’, ‘आजोबा पहाटे उठत’, ‘येथे एक वड होता’ अशा वाक्यांतून पूर्वी नेहमी घडणारी क्रिया किंवा पूर्वी असलेली स्थिती सांगितली जाते. तिच्यासाठी इंग्रजीत ‘यूस्ट टु’ आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते. ‘वी यूस्ट टु ईट राइस.’ ‘ग्रँडफादर यूस्ट टु गेट अप ॲट फोर.’ ‘देअर यूस्ट टु बी अ बॅनियन ट्री हिअर.’ कर्ता कोणताही असो, एकवचनी वा अनेकवचनी, रूप बदलत नाही. या रचनेला वर्तमानकाळही नाही. जुन्या इंग्रजीत तो होता. पुढे तो लोपला आणि भूतकाळाचे रूप तेवढे उरले. म्हणून ‘ही यूझेस टु गो’ हे वाक्य अशुद्ध होय. आज चालू असलेली रीत सांगावयाची असल्यास साधा वर्तमानकाळ वापरावा आणि हवे तर ‘यूज्वली’ हा शब्द घालावा : ‘ही यूज्वली गोज टु स्कूल ऑन फूट.’

या रचनेतून ‘आता तसे नाही’ हा अर्थ बहुधा निघतो. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की ‘ही यूस्ट टु लिव्ह हिअर, अँड ही स्टिल डझ’ असे बोललेलेही चालते. परंतु असा खुलासा जोडलेला नसेल तर ऐकणारा ‘आता नाही’ असेच धरून चालतो.

किती वेळा किंवा किती काळ हे मोजून सांगितले असेल तेथे मात्र ही रचना बसत नाही. ‘आय यूस्ट टु लिव्ह इन सातारा फॉर थ्री इयर्स’ असे मुले लिहितात. येथे ‘आय लिव्हड इन सातारा फॉर थ्री इयर्स’ हवे. याची पारख मराठी कानाला सहज होते. ‘मी साताऱ्यास तीन वर्षे राहत असे’ हे वाक्य आपल्यालाही खटकते. आपण ‘तीन वर्षे राहिलो’ असेच म्हणतो. जेथे मराठीत ‘राहत असे’ खटकते, तेथे इंग्रजीतही ‘यूस्ट टु’ टाळावे.

आता खऱ्या अडचणीकडे वळावयाचे. पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शिकांतून ‘बी यूस्ट टु’ म्हणजे ‘सवय असणे’ आणि ‘गेट यूस्ट टु’ म्हणजे ‘सवय होणे’ असा अर्थ दिलेला असतो. अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण मराठीतील ‘सवय’ हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ‘त्याला तपकीर ओढण्याची सवय होती’ या वाक्यात सवय म्हणजे तो वारंवार करीत असलेली गोष्ट. ‘त्याला थंडीची सवय होती’ या वाक्यात तो काही करीत नाही. थंडीचा त्याला त्रास वाटेनासा झाला आहे, इतकेच सांगावयाचे आहे. पहिल्या वाक्यातील सवय इंग्रजीत ‘यूस्ट टु’ने सांगतात : ‘ही यूस्ट टु टेक स्नफ.’ दुसरीसाठी ‘ही वॉज यूस्ट टु द कोल्ड’ असे म्हणतात. ‘सवय’ या एकाच शब्दावर विसंबणारा विद्यार्थी दोन्ही ठिकाणी ‘वॉज यूस्ट टु’ लिहितो, आणि मग पुढे ‘टेक’ घालावे की ‘टेकिंग’ हे त्याला उमगत नाही.

यावर उपाय मराठीतच आहे. ‘बी यूस्ट टु’ शिकविताना ‘सवय’ हा शब्द काही काळ बाजूस ठेवावा आणि त्याऐवजी ‘सरावणे’ किंवा ‘अंगवळणी पडणे’ हे शब्द घ्यावेत. ‘तो थंडीला सरावलेला होता’ असे आपण म्हणतो. ‘तो तपकीर ओढत असे’ या अर्थी ‘तो तपकिरीला सरावलेला होता’ असे मात्र सहसा म्हणत नाही. म्हणजे दोन सवयींतील जो भेद ‘सवय’ या शब्दात झाकला जातो, तो ‘सरावलेला’ या शब्दाने उघड होतो.

‘सरावणे’ या शब्दाचा याहून मोठा उपयोग दुसरा आहे. ‘थंडीला सरावलेला’ या शब्दांतील ‘ला’ पाहावा. ‘बी यूस्ट टु’मधील ‘टु’ म्हणजे हाच ‘ला’ होय, आणि ‘यूस्ट’ म्हणजे ‘सरावलेला’ हे विशेषण होय. ‘आय ॲम यूस्ट टु द कोल्ड’ या वाक्यातील शब्दांची जुळणी ‘मी आहे – सरावलेला – ला – थंडी’ अशी सरळ करता येते. आपल्या भाषेत ‘ला’ हा प्रत्यय नामाला लागतो, क्रियापदाच्या रूपाला लागत नाही. ‘चालतो’ला ‘ला’ लावता येत नाही. क्रिया सांगावयाचीच असेल तर प्रथम ‘चालणे’ असे धातुसाधित नाम करावे लागते आणि मग ‘चालण्याला सरावलेला’ असे म्हणता येते. इंग्रजीत नेमके हेच घडते. ‘वॉक’चे ‘वॉकिंग’ हे नाम करावे लागते आणि मगच ते या ‘टु’पुढे बसते : ‘आय ॲम यूस्ट टु वॉकिंग.’

पहिल्या रचनेतील ‘टु’ निराळा आहे. ‘आय यूस्ट टु वॉक’मध्ये तो ‘टु वॉक’ या क्रियारूपाचा भाग आहे. तेथे ‘ला’चा काही संबंध नाही. एकच शब्द दोन कामे करतो, म्हणून मुले गोंधळतात. केवळ ‘बी असेल तर इंग लावा’ असे पाठ करून घेतल्यास चाचणीपुरते काम भागते, पण महिन्याभराने ‘बी’ला इंग लावावयाचा की ‘बी’ नसता लावावयाचा, याचीच उलटापालट होते. ‘टु म्हणजे ला’ हे एकदा ध्यानात आले म्हणजे अशी उलटापालट होण्याचे कारण उरत नाही.

संशय पडेल तेथे एक सोपी कसोटी वर्गात वापरता येते. ‘टु’च्या पुढील सर्व शब्द पुसून तेथे ‘इट’ हा शब्द लिहावा. ‘आय ॲम यूस्ट टु इट’ म्हणजे ‘मी त्याला सरावलो आहे’. वाक्य पुरे झाले. तेव्हा हा ‘टु’ नामाची अपेक्षा करणारा आहे आणि पुढे क्रिया आल्यास ती ‘इंग’युक्त हवी. ‘आय यूस्ट टु इट’ म्हटल्यास मात्र वाक्य लंगडे राहते, कारण या ‘टु’ला नाम नको, क्रियापद हवे आहे. फळ्यावर पुसून लिहिण्याची ही कृती मुले स्वतः आनंदाने करतात.

‘बी’ आणि ‘गेट’ यांतील भेद त्या मानाने सोपा आहे. ‘बी’ने स्थिती सांगितली जाते आणि ‘गेट’ने त्या स्थितीकडे होणारी वाटचाल. अंगवळणी पडलेले असणे म्हणजे ‘बी’, अंगवळणी पडणे म्हणजे ‘गेट’. या दोन्ही रचना कोणत्याही काळात वापरता येतात. तेव्हा ‘यूस्ट’ला हात न लावता ‘बी’ किंवा ‘गेट’ यांचेच रूप बदलावयाचे. ‘आय वॉज यूस्ट टु इट’, ‘यू विल गेट यूस्ट टु इट’, ‘शी इज गेटिंग यूस्ट टु इट’ या तिन्ही वाक्यांत ‘यूस्ट टु’ जसेच्या तसे राहिले आहे. ‘यूस्ट’मध्ये भूतकाळाचा ‘डी’ दिसतो म्हणून वाक्य भूतकाळाचे असे समजण्याची चूक येथे होते. ‘दमलेला’ हे विशेषण जसे ‘आहे’, ‘होता’ आणि ‘असेल’ या तिघांसमवेत चालते, तसेच हे विशेषण आहे.

हे सर्व एका उताऱ्यावर पडताळून पाहू. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावाहून सोलापूर जिल्ह्यातील शाळेत आलेल्या एका मुलीने आपल्या नव्या गावाविषयी पुढील ओळी लिहिल्या आहेत : ‘इन रत्नागिरी आय वॉज यूस्ट टु ईट राइस. आय डिड नॉट यूस्ट टु ईट भाकरी. माय मदर नॉट यूस्ट टु द हीट. नाउ आय यूस्ट टु ईट भाकरी.’

चारही वाक्यांना लाल खूण करून भागणार नाही. मुलीला काय म्हणावयाचे आहे, हे तिला मराठीत विचारून घेतले पाहिजे, कारण काही वाक्ये दोन प्रकारे दुरुस्त होऊ शकतात. पहिल्याच वाक्याचे पाहा. तिच्या मनात ‘मी भात खात असे’ असे असेल तर ‘वॉज’ काढावे : ‘आय यूस्ट टु ईट राइस.’ तिच्या मनात ‘मी भात खाण्याला सरावलेली होते’ असे असेल तर ‘वॉज’ ठेवावे आणि ‘ईटिंग’ करावे : ‘आय वॉज यूस्ट टु ईटिंग राइस.’ दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात काय घडत असे याची माहिती आहे. दुसऱ्यात पुढे येणाऱ्या भाकरीच्या अडचणीची तयारी आहे. शिक्षकाने विचारल्याविना यांपैकी एक लिहून टाकल्यास वाक्य शुद्ध होईल, परंतु ते मुलीचे राहील असे नाही.

दुसऱ्या वाक्यातही हीच निवड आहे. ‘मी भाकरी खात नसे’ असे म्हणावयाचे असल्यास ‘आय डिड नॉट यूस टु ईट भाकरी’. येथे ‘डिड’ने भूतकाळ दाखविला असल्यामुळे ‘यूस’चा शेवटचा ‘डी’ लिहू नये. ‘डिड नॉट वेंट’ न लिहिता ‘डिड नॉट गो’ लिहावे, तोच हा नियम. बोलताना ‘यूस्ट टु’ आणि ‘यूस टु’ यांत फरक ऐकू येत नाही, कारण आधीचा ‘ट’ पुढच्या ‘टु’त मिसळून जातो. त्यामुळे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही लिहिताना येथे चुकतात. मुलांच्या या चुकीला फार गुण कापू नयेत, हे बरे. जुन्या व्याकरणांत ‘आय यूस्ट नॉट टु ईट’ असे नकारार्थी रूप आढळते. ते अशुद्ध नव्हे, पण आज क्वचित वापरले जाते. मुलांना ते शिकविण्याचे कारण नाही. असो. मुलीच्या मनात ‘मी भाकरीला सरावलेली नव्हते’ असे असेल, आणि संदर्भ पाहता तसेच असण्याचा संभव अधिक, तर ‘डिड’ जाऊन ‘वॉज’ यावयास हवा : ‘आय वॉज नॉट यूस्ट टु ईटिंग भाकरी.’

तिसऱ्या वाक्यात ‘टु’पुढे ‘द हीट’ हे नाम आले आहे. तेवढा भाग बिनचूक आहे. उणीव ‘वॉज’ची आहे. ती का राहिली, हे मराठी वाक्यात दिसते. ‘आईला उन्हाची सवय नव्हती’ यातील ‘नव्हती’ या एका शब्दात नकारही आहे आणि क्रियापदही आहे. मुलीने त्यातील नकार ‘नॉट’ म्हणून उचलला आणि क्रियापद मागे राहिले. ‘नाही’ आणि ‘नव्हता’ यांची फोड करून दाखविल्यास ही चूक केवळ या पाठातच नव्हे, अन्यत्रही कमी होते.

सर्वांत घातक चूक चौथ्या वाक्यात आहे. ‘आता मी भाकरीला सरावले’ हे तिला सांगावयाचे आहे. तिच्या वाक्यातील ‘नाउ’ काढून पाहिल्यास ‘आय यूस्ट टु ईट भाकरी’ उरते, म्हणजे ‘मी पूर्वी भाकरी खात असे’. भाकरी तिच्या ताटात आता आली आहे, आणि वाक्य ती ताटातून गेल्याचे सांगते. ‘नाउ’ या शब्दाचा ‘यूस्ट टु’शी मेळ बसत नाही, हीच चुकीची खूण होय. सराव पुरता झाला असेल तर ‘नाउ आय ॲम यूस्ट टु ईटिंग भाकरी’. अजून घास थोडा अडत असेल तर ‘नाउ आय ॲम गेटिंग यूस्ट टु ईटिंग भाकरी’. कोणते खरे, हे पुन्हा तिलाच विचारावे.

वर्गातील हुशार मुले या टप्प्यावर एक शंका काढतात आणि ती रास्त असते. ‘चॉक इज यूझ्ड टु राइट ऑन द बोर्ड’ या वाक्यात ‘इज’ आहे, तरी पुढे ‘राइटिंग’ नसून ‘राइट’ आहे. मग नियम कोठे गेला? येथे ‘सरावलेला’ हा अर्थ लावून पाहावा. खडू फळ्यावर लिहिण्याला सरावलेला आहे, असे कोणी म्हणणार नाही. खडू लिहिण्यासाठी वापरला जातो. हा ‘वापरणे’ या क्रियापदाचा कर्मणी प्रयोग आहे, आणि यातील ‘टु’ म्हणजे ‘साठी’. ‘ला’चा ‘टु’ नाम मागतो. ‘साठी’चा ‘टु’ क्रियापदाचे मूळ रूप घेतो. कानालाही भेद कळतो. सरावलेल्या माणसाचा शब्द ‘यूस्ट’ असा कठोर ‘स’ने संपतो, वापरल्या जाणाऱ्या वस्तूचा ‘यूझ्ड’ असा मृदू ‘झ’ने.

म्हणून श्रुतलेखनाच्या वेळी ही दोन्ही प्रकारची वाक्ये मिसळून सांगावीत. ‘अ सिकल इज यूझ्ड टु कट ग्रास’ आणि ‘माय अंकल इज यूस्ट टु कटिंग ग्रास’ ही जोडी त्यासाठी सोयीची आहे. पहिल्यात विळा गवत कापण्यासाठी वापरला जातो, दुसऱ्यात काका गवत कापण्याला सरावलेले आहेत. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यातील ‘टु’खाली मुलांकडून मराठीत ‘साठी’ किंवा ‘ला’ लिहून घ्यावे. ‘माय अंकल यूस्ट टु कट ग्रास’ हे तिसरे वाक्य त्यानंतर द्यावे. त्यातील ‘टु’खाली यांपैकी काहीच लिहिता येणार नाही, आणि काकांनी आता गवत कापणे सोडले असावे, हे मुले आपण होऊन सांगतील.